५७ गुण म्हणजे नेमके ५७ नव्हेत: गुणपट्टा वाचताना या चुका टाळा

तासगावच्या एखाद्या शाळेत आठवीच्या गणिताची १०० गुणांची चाचणी झाली आहे आणि ६० पेक्षा कमी गुण मिळालेल्यांना जादा तासाला बसवायचे ठरले आहे, असे समजा. एका मुलीला ५७ आणि तिच्या शेजारच्या मुलाला ६१ गुण मिळाले; त्यामुळे ती जादा तासाला आणि तो घरी. येथेच पहिली चूक होते, कारण ५७ हा आकडा त्या दिवशीच्या त्या प्रश्नांवर मिळालेला आहे. तितक्याच कठीण पण वेगळ्या प्रश्नांवर तो थोडा वरखाली झाला असता.

हा हेलकावा किती, ते मापनाच्या प्रमाण त्रुटीवरून कळते. विश्वसनीयता गुणांक म्हणजे चाचणीचे गुण पुन्हा मोजल्यास कितपत तसेच येतील हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा. एकमधून तो वजा करावा, उरलेल्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला गुणांच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाने, गुणावे. विचलन १२ आणि विश्वसनीयता ०.८४ असेल, तर ०.१६ चे वर्गमूळ ०.४, म्हणून त्रुटी ४.८ गुण. मिळालेल्या गुणांतून ही त्रुटी एकदा वजा आणि एकदा अधिक केली की गुणपट्टा मिळतो. त्यानुसार मुलीचा पट्टा ५२.२ ते ६१.८ आणि मुलाचा ५६.२ ते ६५.८ येतो, ६० ची रेषा दोन्ही पट्ट्यांच्या आतच पडते. अशा वेळी दोघांच्याही वह्या आणि मागील चाचण्या पाहूनच निर्णय घ्यावा. हा पट्टा सुमारे ६८ टक्के खात्रीचा आहे. ९५ टक्के खात्री हवी असल्यास तो दोन्ही बाजूंना सुमारे ९.४ गुणांचा होतो, आणि पालकांना तो पाहून धक्का बसला तर नवल नाही.

दुसरी चूक म्हणजे दोन मुलांमधील फरक एकाच्या त्रुटीवरून तोलणे. वजाबाकीत दोघांचीही त्रुटी येते, म्हणून फरकाची त्रुटी ४.८ च्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ६.८ होते. त्यापुढे येथील ४ गुणांचा फरक फिका पडतो, आणि त्यावरून क्रमांक लावणे योग्य नाही.

सर्वांत फसवी चूक मात्र आकडे उसने घेण्याची आहे. वरील ०.८४ ही विश्वसनीयता अनेक शाळांच्या मिश्र गटावरून काढलेली असते, आणि कोणी तिच्यासोबत आपल्या निवडक तुकडीचे ८ हे विचलन वापरतो. उत्तर ३.२ येते, आणि पट्टा उगाचच अरुंद दिसतो. प्रत्यक्षात सारख्या पातळीच्या मुलांच्या तुकडीत विश्वसनीयताही घसरते, त्रुटी ४.८ च राहिली, तर या तुकडीत ती सुमारे ०.६४ भरेल. म्हणून विचलन आणि विश्वसनीयता ही जोडी नेहमी एकाच गटाची आहे ना, हे आधी तपासावे.

शिवाय ती विश्वसनीयता एकाच बैठकीतील प्रश्नांच्या आपसांतील मेळावरून काढलेली असेल, तर मुलीला त्या दिवशी ताप होता किंवा तपासनीसाचा हात आखडता होता, हे त्या ४.८ मध्ये मोजलेले नसते; खरा पट्टा त्याहून रुंदच असतो.