संचालक मंडळ वाचताना या चुका टाळा

वार्षिक अहवालात कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं प्रकरण आलं की बहुतेक गुंतवणूकदार पानं उलटून थेट नफ्या-तोट्याकडे जातात. जे थांबतात, तेही संचालकांच्या नावापुढची मोठी पदं वाचून समाधान मानतात. निवृत्त सचिव आहेत, नामांकित वकील आहेत, म्हणजे कंपनी चांगली असणार, असा हिशेब होतो. पण मंडळावरच्या माणसाबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे: याला इथे कोणी बसवलं, आणि त्याला इथून कोण काढू शकतं?

पहिली चूक: नोकरीत नाही तो स्वतंत्र, असं धरणं

एक काल्पनिक मंडळ घेऊ. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि मंडळावर 10 जण आहेत. अध्यक्ष स्वतः प्रवर्तक, पण पगार घेत नाहीत, म्हणून अकार्यकारी. त्यांचा मुलगा व्यवस्थापकीय संचालक, सून पूर्णवेळ संचालक आणि वित्तप्रमुखही पूर्णवेळ संचालक. एक जण गुंतवणूकदार फंडाचा नामनिर्देशित संचालक. उरलेले 5 स्वतंत्र, म्हणजे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कंपनी आणि प्रवर्तकांपासून अलिप्त.

वरवर पाहणारा म्हणतो, कार्यकारी फक्त 3, म्हणजे लक्ष ठेवणारे 7. हा हिशेब चुकीचा आहे. अकार्यकारी अध्यक्ष कुटुंबाचेच आहेत आणि फंडाचा माणूस फंडाचा आहे. खरे लक्ष ठेवणारे फार तर 5, आणि सेबीचा नियम नेमका तेवढेच मागतो: अकार्यकारी अध्यक्ष प्रवर्तक किंवा त्याचा नातेवाईक असेल तर किमान निम्मं मंडळ स्वतंत्र हवं. अध्यक्षाचा प्रवर्तकाशी किंवा व्यवस्थापनातल्या वरच्या पदांशी असा संबंध नसेल तर एक तृतीयांश पुरतं. म्हणून आधी अध्यक्ष कोण ते बघा आणि मगच डोकी मोजा.

नामनिर्देशित संचालकाला स्वतंत्र समजण्याची सवय जुनी आहे आणि तिला कारणही आहे. पूर्वीच्या लिस्टिंग कराराच्या कलम 49 मध्ये कर्ज देणाऱ्या किंवा गुंतवणूक करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी स्वतंत्रच मानला जात असे. कंपनी कायदा 2013 ने ते बदललं. त्याच्या कलम 149(6) मधल्या व्याख्येतून नामनिर्देशित संचालक सरळ वगळला आहे. जुन्या लेखांवर विसंबलात तर इथे फसाल.

दुसरी चूक: ‘स्वतंत्र’ या शिक्क्यावर थांबणं

शिक्का म्हणजे कायद्याची किमान अट पूर्ण झाली, एवढंच. आपल्या मंडळातले 5 जण एकेक करून बघू.

पहिले गृहस्थ नवव्या वर्षात आहेत. कायदा सलग 5 वर्षांच्या दोन मुदती देतो, दुसऱ्या मुदतीसाठी विशेष ठराव लागतो आणि त्यानंतर 3 वर्षं कंपनीशी कोणताही संबंध चालत नाही. नऊ वर्षांचा अनुभव मोलाचा असतो, पण एवढ्या वर्षांत प्रवर्तकांशी घरोबाही होतो. दुसरे याच समूहाच्या आणखी दोन कंपन्यांवर आहेत. तिसरे वकील. त्यांची फर्म कंपनीचं काम करते, पण या कामाचं बिल फर्मच्या एकूण उलाढालीच्या 10 टक्क्यांच्या खाली आहे, म्हणून ते अपात्र ठरत नाहीत. नियम मोडलेला नाही, तरी त्या फर्मला हा ग्राहक गमवायला आवडणार नाही, हे उघड आहे. चौथे बैठकांना निम्म्या वेळाच हजर. पाचव्या बाई मागच्या वर्षी आल्या, हिशेबाच्या जाणकार आहेत आणि मंडळाच्या हिशेब तपासणाऱ्या समितीच्या, म्हणजे ऑडिट कमिटीच्या, अध्यक्ष आहेत.

माझ्या मते या मंडळाचा भार या एकाच व्यक्तीवर आहे. संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांना ऑडिट कमिटीतले फक्त स्वतंत्र सदस्यच मंजुरी देऊ शकतात. प्रवर्तकांच्या खाजगी कंपनीकडून माल किती भावाने घ्यायचा, हा प्रश्न त्यांच्याच टेबलावर येतो. म्हणून अहवालात मंडळाच्या यादीपेक्षा ऑडिट कमिटीची यादी आणि तिथली हजेरी आधी वाचावी.

सत्यम या आयटी कंपनीच्या मंडळावर मोठी नावं होती. 16 डिसेंबर 2008 रोजी त्या मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशी जोडलेल्या दोन मायटास कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरला घ्यायचं मान्य केलं. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या पत्रातून खोटे हिशेब बाहेर आले.

तिसरी चूक: नामनिर्देशित संचालक म्हणजे दिलासा

मोठ्या संस्थेचा माणूस मंडळावर आहे, म्हणजे तिने तपासणी केली असणार, हा समज महाग पडतो. पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या आयएल अँड एफएसमध्ये एलआयसी आणि जपानच्या ओरिक्ससारख्या मोठ्या भागधारकांचे प्रतिनिधी मंडळावर होते. तरी 2018 मध्ये कर्जं थकली आणि 1 ऑक्टोबर 2018 रोजी सरकारला मंडळच बदलावं लागलं.

नेमणूक कोणी केली, यावर अर्थ बदलतो. फंडाचा प्रतिनिधी पैशाबरोबर येतो आणि हिस्सा विकला की सहसा जातो, तेव्हा त्याच्या जाण्याकडे शेअर विक्रीच्या संदर्भात बघा. बँकेचा प्रतिनिधी बहुधा कर्ज करारातूनच येतो. त्याला कर्ज परत मिळण्याची काळजी असते, तुमच्या शेअरच्या वाढीची नव्हे. डिबेंचर ट्रस्टीने, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या संस्थेने, नेमलेला संचालक दिसला तर मात्र लगेच सावध व्हा. सलग दोनदा व्याज थकलं, मुद्दल परत केलं नाही किंवा ठरलेलं तारण दिलं नाही, अशा वेळी ट्रस्टी हा अधिकार वापरतो.

कायद्याने नामनिर्देशित संचालकाचंही कर्तव्य कंपनीप्रतिच आहे. प्रत्यक्षात हितसंबंध आमनेसामने आले की तो कोणाकडे झुकेल, हे त्याला पाठवणाऱ्यावरून कळतं.

कार्यकारी संचालकांबाबत थोडक्यात: त्यांच्यात कुटुंबाबाहेरचे किती आहेत आणि नफा घटला त्या वर्षी कुणाचा पगार वाढला, एवढं बघितलं तरी बरंच समजतं.

चौथी चूक: राजीनाम्याचं पत्र न वाचणं

आता समजा, त्या पाचव्या बाईंनी तिमाही निकालाच्या दहा दिवस आधी राजीनामा दिला. कारण: ‘इतर कामांमुळे वेळ नाही’. बातमी दोन ओळींची येते आणि लोक पुढे जातात.

इथे कंपनीने शेअर बाजाराला दिलेली माहिती उघडा. स्वतंत्र संचालक मुदतीआधी गेला तर त्याचं सविस्तर कारण, पत्रासह, 7 दिवसांत जाहीर करावं लागतं. ‘दिलेल्या कारणाखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही’ अशी त्याची पुष्टीही लागते. ती नसेल तर तीच मोठी बातमी. शिवाय तो शेअर बाजारात नोंदलेल्या आणखी कोणत्या कंपन्यांवर आहे, ती यादीही द्यावी लागते. ती यादी नीट तपासा. वेळेअभावी जाणारी व्यक्ती बाकीच्या चार कंपन्यांवर तशीच राहिली आणि फक्त इथूनच गेली, तर ते कारण पटत नाही. त्याच सुमारास ऑडिटर किंवा वित्तप्रमुखही गेला असेल, तर मी पुढचे निकाल येईपर्यंत नवे पैसे घालणार नाही.

एकाच राजीनाम्यावरून निष्कर्ष मात्र काढू नका. आजारपण खरं असतं, बदलीही खरी असते. रिकामी जागा नियमाप्रमाणे 3 महिन्यांत भरायची असते. ती किती दिवसांत भरली, हे पुढच्या तिमाहीच्या गव्हर्नन्स अहवालात तपासता येतं, आणि नव्या माणसाचं आधीचं काम त्याच समूहात किंवा प्रवर्तकांच्या सल्लागार फर्ममध्ये होतं का, हे नेमणुकीच्या वेळी शेअर बाजाराला दिलेल्या त्याच्या परिचयात बघा.