ड्रॉप सेट, रेस्ट-पॉज आणि क्लस्टर सेट : या चुका टाळा

जिममध्ये शिकवताना काही प्रश्न वर्षानुवर्षे त्याच शब्दांत येतात. त्यातला एक असा : "सर, वाढ थांबली आहे, शेवटच्या सेटला ड्रॉप लावू का?" विचारणाऱ्याच्या वहीत बहुतेक वेळा दोन महिन्यांपासून तेच वजन आणि त्याच रेप लिहिलेल्या असतात, निम्म्या दिवसांच्या नोंदीच नसतात आणि तरीही दोष साध्या सेटला दिला जातो. ड्रॉप सेट, रेस्ट-पॉज आणि क्लस्टर सेट या तिन्ही पद्धती कामाच्या आहेत, परंतु प्रत्येकीचे काम ठरलेले आहे आणि ते आपण समजतो त्यापेक्षा बरेच लहान आहे.

पहिली चूक : आहे त्या व्यायामावर ड्रॉप सेट चढवणे

ड्रॉप सेटमध्ये आपण एका वजनाने जवळजवळ थकेपर्यंत रेप काढतो, लगेच वजन साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी करतो आणि न थांबता पुढे चालू ठेवतो. साधा सेट आणि ड्रॉप सेट यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत एकूण काम सारखे ठेवले असता स्नायूंची वाढ जवळपास सारखीच दिसते, वेळ मात्र बराच वाचतो. म्हणजे या पद्धतीचा खरा फायदा वेळेचा आहे. दोन-तीन साध्या सेटच्या जागी ती आली तर तिचा उपयोग होतो, आणि त्या सेटच्या वर आली तर ती केवळ थकवा वाढवते.

माझ्याकडे दीड वर्ष नियमित व्यायाम केलेला एक तरुण होता. छातीच्या दिवशी तो बेंच प्रेसचे चार, इन्क्लाइन डंबेल प्रेसचे तीन, केबल फ्लायचे तीन आणि ट्रायसेप्स पुशडाउनचे तीन असे १३ सेट करीत असे. हा आराखडा चांगला होता आणि त्यावर तो हळूहळू का होईना पुढे जात होता. मग कोणीतरी सांगितले म्हणून त्याने चारही व्यायामांच्या शेवटच्या सेटला तीन-तीन ड्रॉप लावले. वहीत आकडा १३च राहिला, कारण ड्रॉपची नोंद करावी असे त्याला वाटले नव्हते.

बेंचचा चौथा सेट ७० किलोवर संपवून तो ५५, ४५ आणि ३५ किलोवर अनुक्रमे ५, ४ आणि ४ रेप काढायचा, म्हणजे १३ रेप जास्तीच्या. त्यानंतर इन्क्लाइनला जायचा. पूर्वी २४ किलोच्या डंबेलने त्याच्या १०, ९, ९ अशा २८ रेप होत असत, त्या आता ७, ६, ५ अशा १८ झाल्या. हलक्या वजनाच्या, छाती पेटलेली असताना ओढून काढलेल्या १३ रेप मिळवण्यासाठी त्याने चांगल्या वजनाच्या १० रेप घालवल्या होत्या, आणि फ्लाय व पुशडाउनमध्येही हेच घडत होते. तिसऱ्या आठवड्यात बेंचचा पहिलाच सेट ८ रेपवरून ६ वर आला, आठवड्यातल्या दुसऱ्या छातीच्या दिवशी तर ५ वर आला, आणि कोपराच्या आत दुखू लागले. यावर त्याचा निष्कर्ष असा की ड्रॉप कमी पडत आहेत, म्हणून रेस्ट-पॉजही लावावा!

आम्ही उलट केले. बेंच आणि इन्क्लाइनवरचे सगळे ड्रॉप काढून टाकले आणि त्या सेटमध्ये एक-दोन रेप शिल्लक असतानाच थांबायचे ठरवले. फ्लायच्या तीन सेटच्या जागी एक साधा सेट आणि दोन ड्रॉप असलेला एक सेट ठेवला, पुशडाउनचेही तसेच केले. पहिल्या आठवड्यात "आज काही झाल्यासारखे वाटतच नाही" अशी त्याची कुरकुर चालू होती. तिसऱ्या आठवड्यात ७० किलोवर ८ रेप परत आल्या, त्यानंतर ९ झाल्या आणि मग ७२.५ किलो लावता आले. कोपराचे दुखणेही याच काळात ओसरले.

ही चूक ओळखण्यासाठी मी एकच गोष्ट पाहतो : पुढच्या वेळी त्याच स्नायूच्या पहिल्या व्यायामाचा पहिला सेट. झोप आणि जेवण नेहमीसारखे असताना तो सलग दोन वेळा एक-दोन रेपने घसरला, तर मागच्या वेळचा थकवा अजून उतरलेला नाही असे समजावे आणि सर्वांत आधी ड्रॉप काढावेत. स्नायूतील जळजळ किंवा दुसऱ्या दिवशीचे दुखणे यावरून व्यायाम किती कामी आला हे ठरत नाही. या एका गैरसमजावर माझा जितका वेळ खर्च झाला आहे तितका दुसऱ्या कशावरही झालेला नाही.

मग साधे सेट वाढवण्यापेक्षा ड्रॉप सेट केव्हा बरा?

वेळ असेल, आठवड्यात जागा असेल आणि एखाद्या स्नायूला अजून सहा-सातच सेट मिळत असतील, तर साधे सेट वाढवावेत. त्यात चलाखी काही नाही, पण त्यावर वजन वाढवता येते आणि प्रगती मोजता येते. ड्रॉप सेट उपयोगी पडतो तो जागा संपलेली असते तेव्हा. समजा तुमच्याकडे ४० मिनिटेच आहेत आणि मुख्य व्यायामांनंतर खांद्याच्या बाजूच्या भागासाठी सात मिनिटे उरत नाहीत. लॅटरल रेजचे १० किलोने तीन सेट, मध्ये दोन-दोन मिनिटांचा आराम, याला तेवढा वेळ लागतोच. त्याऐवजी १० किलोने १२ रेप, लगेच ७.५ किलोने ७-८ आणि लगेच ५ किलोने ८ असा एक ड्रॉप सेट दीड-दोन मिनिटांत होतो, आणि लहान स्नायू असल्यामुळे बाकीच्या शरीरावर त्याचा भार पडत नाही. पोटऱ्या, बायसेप्स, लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल यांनाही हेच लागू आहे. सत्राच्या शेवटी, एका सांध्याच्या व्यायामात, मशीनवर किंवा केबलवर, आणि एका सत्रात एखाद-दुसऱ्या व्यायामातच, ही माझी मर्यादा आहे.

ड्रॉप फार लहान ठेवू नये. १० किलोवरून ९ किलोवर आलात तर दोन-तीन रेपमध्ये पुन्हा अडकाल.

डंबेल आधीच ओळीने मांडून ठेवावेत, शोधाशोधीत अर्धे मिनिट गेले तर तो ड्रॉप सेट राहत नाही.

दुसरी मोठी चूक : क्लस्टर सेटला ड्रॉप सेटचा भाऊ समजणे

नावे एका दमात घेतली जातात म्हणून या तीन पद्धती एकाच जातीच्या वाटतात. वास्तविक ड्रॉप सेट आणि रेस्ट-पॉज थकव्याकडे नेतात, तर क्लस्टर सेट थकवा टाळण्यासाठी असतो. जड वजनाच्या सेटमध्ये रेपमागून रेप स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन झपाट्याने कमी होते आणि बार मंदावतो. अर्ध्या मिनिटाच्या आरामात त्याचा बराचसा, साधारण निम्मा, साठा भरून येतो. क्लस्टर सेटमध्ये दोन-दोन रेपनंतर बार रॅकवर ठेवून २० ते ३० सेकंद थांबण्यामागचे कारण हेच आहे.

समजा १०० किलोवर तुमच्या स्क्वॉटच्या जास्तीत जास्त पाच रेप होतात. साध्या पद्धतीने तीन सेट ओढलेत तर ५, ४, ३ अशा १२ रेप होतील आणि प्रत्येक सेटची शेवटची रेप कंबर वाकवून, गुडघे आत घालून निघेल. त्याच वजनाने २+२+२ असा क्लस्टर, प्रत्येक दोन रेपनंतर ३० सेकंद आणि दोन क्लस्टरमध्ये तीन ते चार मिनिटे, अशा दोन क्लस्टरमध्ये तितक्याच १२ रेप होतात आणि त्या जवळपास सगळ्या स्वच्छ व वेगात असतात. जमले तर पुढे तिसरा क्लस्टर जोडता येतो. ताकद वाढवायची असेल, जड वजनावर तंत्र पक्के करायचे असेल किंवा स्पर्धेची तयारी असेल, तर दमलेल्या अवस्थेतील आणखी एक-दोन साध्या सेटपेक्षा हा मार्ग बरा. निव्वळ स्नायूंचा आकार वाढवायचा असेल, तर क्लस्टरमुळे वेगळे असे काही मिळत नाही आणि वेळ मात्र जास्त जातो.

लोक येथे काय करतात? ३० सेकंद थांबणे कंटाळवाणे वाटते म्हणून १० सेकंदांतच पुन्हा बार उचलतात, किंवा शेवटच्या दोन रेपच्या जागी "जमतील तेवढ्या" काढतात. काही जण बार खांद्यावरच ठेवून आराम करतात, आणि १०० किलो पाठीवर असताना होणाऱ्या आरामाला आराम म्हणता येत नाही. माझा नियम सोपा आहे : शेवटची रेप पहिलीच्या जवळपास वेगाने वर गेली पाहिजे. बाजूने मोबाइलवर चित्रण करून पाहिल्यास हे लगेच कळते. बार रेंगाळला की तो क्लस्टर तेथेच संपवावा, आणि पहिल्याच क्लस्टरमध्ये रेंगाळला तर वजन पाच किलोने उतरवावे.

उरलेल्या चुका, थोडक्यात

रेस्ट-पॉजमध्ये वजन तेच राहते. आधी थकण्याच्या जवळ जाणारा सेट, समजा १२ रेपचा, मग १५-२० सेकंद थांबून ४, पुन्हा थांबून ३, आणि तेथे थांबावे. वजन बदलायची सोय नसते किंवा मशीनसाठी कोणी मागे उभे असते, तेव्हा हा ड्रॉप सेटपेक्षा सोयीचा. पण २० सेकंद म्हणजे २० सेकंद. घड्याळ न लावता थांबणाऱ्यांचे ४५ कधी होतात ते त्यांनाही कळत नाही.

डेडलिफ्ट, बारबेल रो आणि बारबेल स्क्वॉट यांवर ड्रॉप सेट किंवा रेस्ट-पॉज लावू नये. तेथे मांड्या किंवा पाठीच्या वरच्या भागाआधी कंबर थकते. बारबेल बेंचवर स्पॉटर नसताना तर अजिबात नाही.

पहिल्या सहा-आठ महिन्यांत यातले काहीही करू नये, हे माझे मत नवशिक्यांना कधीच आवडत नाही. कारण त्यांना थकण्याची सीमा अजून ओळखता येत नाही. "दोन रेप शिल्लक असताना थांब" असे सांगावे, तो थांबला की "आता होतील तेवढ्या काढ" म्हणावे, आणि तो आणखी पाच-सहा काढतो. ज्याचा साधा सेटच अर्धवट असतो, त्याला ड्रॉपची गरज नसते, त्याने आधी तो सेट पुरता करावा.

सलग चार-पाच आठवडे या पद्धती वापरल्यावर एक आठवडा त्या पूर्ण बंद ठेवाव्यात आणि साध्या सेटवर आकडे कोठे आहेत ते पाहावे.

वहीत ड्रॉप सेट "१ सेट" म्हणून लिहू नये. मी १०×१२ → ७.५×८ → ५×८ असा बाण घालून लिहितो, रेस्ट-पॉजला १२+४+३ आणि क्लस्टरला २+२+२, पुढे आरामाचे सेकंद. पुढच्या वेळी बाणाच्या आधीचा आकडा वाढला तरच पुढे गेलो असे धरावे. बाणानंतरच्या हलक्या वजनाच्या रेप वाढलेल्या असल्या तरी मी त्यांच्याकडे फारसे पाहत नाही.