चुंबक शिकवताना या चुका टाळा (आणि पट्टीवरच्या लाल रंगावर विश्वास ठेवू नका)

चुंबकाचा तास सोपा समजून बरेच नवे गुरुजी तो शनिवारी सकाळी घेतात. ट्रेमध्ये दहा वस्तू टाकायच्या, मुलांच्या हातात चुंबक द्यायचं, 'चिकटतं' आणि 'चिकटत नाही' असे दोन रकाने फळ्यावर आखायचे, की पाठ संपला. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच केलं. देवगडच्या बाजूच्या शाळांत तिसरी-चौथीला शिकवताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्याच मला आता शेजारच्या वर्गांत दिसतात, म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात मोठी चूक अंदाज कार्डावरच असते. (अंदाज 'पत्र' म्हणू नका, सरपंचांना बजेट आठवतं.) जवळजवळ प्रत्येक कार्डावर दोनच चौकटी असतात: चिकटेल, चिकटणार नाही. खिळा, करवंटी, शिंपला एवढंच असेल तोवर हे चालतं. पण ट्रेमध्ये दुसरं चुंबक आलं की कार्ड खोटं पडतं. सारखी टोकं समोरासमोर आली, चुंबक बोटातून निसटून मागे सरकलं, आणि मुलाने इमानदारीत खूण केली 'चिकटणार नाही'वर. करवंटीसमोरही तीच खूण. म्हणजे करवंटी आणि दुसरं चुंबक त्याच्या लेखी एकाच जातीचे झाले. प्रतिकर्षण हा शब्द तुम्ही नंतर फळ्यावर कितीही मोठ्या अक्षरात लिहा, त्याच्या कार्डावर त्याला जागाच नव्हती.

माझ्या कार्डावर आता तीन चौकटी असतात: ओढेल, ढकलेल, काहीच नाही. एवढा एक बदल केला आणि पाठाचा निम्मा गोंधळ गेला. 'ढकलेल' ही चौकट समोर दिसली की मुलं आपणहून विचारतात, "बाई, ढकलता कोण?" ट्रेमधल्या कुठल्या वस्तूपुढे ती खूण पडते हे शोधायला मग ती टपलेली असतात. शेवटी कळतं की ती खूण चुंबकापुढेच पडते, दुसऱ्या कुठल्याच वस्तूपुढे नाही.

यातूनच मी एक खेळ घेते. तीन सारख्या लांबीच्या पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायच्या: एक लोखंडाची, एक पितळेची, एक पट्टी चुंबक. चौघांच्या गटाला एक तपासलेलं चुंबक द्यायचं आणि विचारायचं, यातलं चुंबक कोणतं? पितळ लगेच बाद होतं, काही होतच नाही. उरलेल्या दोन्ही पट्ट्या ओढल्या जातात, आणि इथे बहुतेक गट हात वर करून 'सापडलं' म्हणतात. सापडलेलं नसतं. लोखंडही ओढलं जातं, चुंबकही ओढलं जातं. आता त्यांना हातातलं चुंबक उलटं करून दुसरं टोक लावायला सांगायचं. लोखंडाची पट्टी दोन्ही टोकांकडे तशीच ओढली जाते. चुंबक मात्र एका टोकाला ढकलतं. ओढणं हा पुरावा नव्हे, ढकलणं हा पुरावा. हे वाक्य मी सांगत नाही, कार्डावरच्या खुणा बघून कोणीतरी मूल बोलून दाखवतं तोवर थांबते. कधी वीस मिनिटं लागतात. ज्यांना ही वीस मिनिटं जड जातात त्यांनी दुसरा पाठ घ्यावा.

आता दुसरी चूक, आणि ही माझी स्वतःची फजिती आहे.

चौथीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं, सात गट, प्रत्येक गटाला दोन पट्टी चुंबकं. आदल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मुंबईहून नाण्याएवढी चार निओडिमियम चुंबकं आणून दिली होती. मी ती हौसेने त्याच बिस्किटांच्या डब्यात, पट्टी चुंबकांवर टाकून ठेवली. पाठाच्या दिवशी फळ्यावर लिहिलं की लाल टोक उत्तर ध्रुव, सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, आणि गटांना सांगितलं करून बघा. मागच्या गटातून एक मुलगी ओरडली, "बाई, लाल लालाक चिकाटता!" मी म्हटलं, "उलटं धरलं असशील." तिने पुन्हा करून दाखवलं. मी तिच्या हातातली दोन्ही चुंबकं काढून घेतली, टेबलावरची माझी दोन दिली आणि म्हटलं, बघ, ढकलतं की नाही. ती गप्प बसली. त्या दिवशी मी चुंबक शिकवलं नाही, बाई म्हणतील ते खरं एवढंच शिकवलं. मग आणखी दोन गटांतून तीच ओरड आली आणि मला पाठ थांबवावा लागला.

मधल्या सुट्टीत एकेक चुंबक दोऱ्याने बांधून खिडकीत लटकवलं. सगळी एकाच बाजूला तोंड करून थांबली. मला वाटलं, जमलं. खिडकीचे गज लोखंडाचे आहेत हे मुलांनी लक्षात आणून दिलं. अंगणात फणसाच्या फांदीला टांगलं तर समुद्रावरच्या वाऱ्याने दोरा गरगर फिरतच राहिला. शेवटी मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीचा तुकडा कापला, प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेतलं आणि त्यावर चुंबक तरंगत ठेवलं. टब व्हरांड्यात भिंतीपासून लांब, आजूबाजूला खुर्ची, सायकल, कंपासपेटी काही नाही. तुकडा सावकाश फिरतो आणि अर्ध्या-एक मिनिटात स्थिरावतो. हाताने फिरवून सोडला तरी परत तिथेच येतो, आणि तो परत आला तरच खरं मानायचं. दिशेसाठी आपल्याकडे होकायंत्रही नको. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात साधारण उत्तरेला. त्या बाजूला लाल टोक आलं तर रंग बरोबर.

चौदापैकी आठ बरोबर निघाली. चारांची लाल टोकं दक्षिणेला गेली. दोन कुठेच ठरेनात, म्हणजे जोर जवळजवळ गेलेला. कारण डब्यात होतं. शाळेच्या पेटीतली पोलादी पट्टी चुंबकं तशी अशक्तच असतात आणि जबरदस्त चुंबकाला चिकटून राहिली तर त्यांचे ध्रुव चक्क उलटतात. रंग तसाच राहतो, चुंबकत्व बदलतं. काही स्वस्त संचांत तर दुकानातूनच उलटा रंग येतो, तेव्हा दर वेळी दोष डब्यालाच द्यायला नको.

दुरुस्ती घरी होते. आधी निओडिमियमची उत्तर बाजू ओळखायची: तपासलेल्या चुंबकाच्या दक्षिण टोकाला जी ओढते ती. मग बिघडलेली पट्टी पाटावर ठेवून निओडिमियमची दक्षिण बाजू तिच्यावर टेकवायची आणि निळ्या टोकापासून लाल टोकापर्यंत ओढत न्यायची. तिथून वर उचलून, लांबून वळसा घालून परत निळ्या टोकाशी आणायची. पंचवीस-तीस वेळा, एकाच दिशेने. मागेपुढे घासलं तर केलेलं पुसलं जातं. घासणी जिथे संपते त्या टोकाला विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणून लाल टोकाशी दक्षिण बाजूने संपवायचं, म्हणजे तिथे उत्तर येतो. नंतर पुन्हा टबात टाकून बघायचं. हे काम पाठाच्या आदल्या दिवशी, मुलांसमोर नाही. बिघडलेलं एक चुंबक मात्र मी मुद्दाम तसंच ठेवलंय. ते दर वर्षी एका गटाला देते आणि 'लाल लालाक चिकाटता' ऐकू येईपर्यंत वाट बघते. मग अख्खा वर्ग टबाभोवती.

याच जातीतली एक फसवणूक: एक चुंबक जोरदार आणि दुसरं मरतुकडं असेल तर सारखे ध्रुवसुद्धा अगदी जवळ आणल्यावर चिकटतात. जोरदार चुंबक दुसऱ्याच्या टोकाचं चुंबकत्व तेवढ्यापुरतं दाबून टाकतं. म्हणून ढकलणं बघायचं ते लांबून, हळूहळू जवळ आणत. मुलं धाडकन टोकाला टोक लावतात आणि तिथेच चुकतात. जोडीतली दोन्ही चुंबकं सारख्या ताकदीची द्या. कोणतं किती टाचण्या उचलतं ते मोजलं की कळतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कार्ड पेन्सिलने भरून घेऊ नका. खोडरबर असलं की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अंदाज बरोबर निघतात. माझ्याकडे कार्ड पेनने भरतात, गठ्ठा माझ्या टेबलावर येतो आणि मगच चुंबकं बाहेर निघतात. चुकलेल्या अंदाजाला लाल फुली मारली तर पुढच्या वेळी मूल शेजाऱ्याचं बघून लिहील.

ट्रेमध्ये 'धातू चिकटतात' हे वाक्य मोडणाऱ्या वस्तू हव्यातच: जाळ्याचं शिसं, तांब्याची तार, पितळेचं निरांजन, ॲल्युमिनिअमची झाकणी. दोन स्टीलचे चमचे ठेवा, एक चिकटणारा आणि एक न चिकटणारा, दोन्ही मिळतात. बाजारात निघण्यापूर्वी खिशात चुंबक टाका. नाण्यांतही गंमत आहे. स्टीलचा रुपया चिकटतो, जुना जाडजूड तांबं-निकेलचा पाचाचा चिकटत नाही. मासेमारीचा गळ ठेवायचा तर टोक कानशीने घासून बोथट करा. आणि गंजून पार पापुद्रे सुटलेला खिळा ठेवू नका. खाऱ्या हवेत आपल्याकडे तसेच जास्त, पण सुटा गंज चुंबकाला धड दाद देत नाही आणि मुलं 'लोखंड चिकटत नाही' असं लिहून मोकळी होतात.

ट्रे लोखंडी बाकावर ठेवू नका. मी घरचा पाट नेते.

कडीच्या आकाराच्या चुंबकात मुलं कडेला ध्रुव शोधतात. ते बहुधा दोन सपाट बाजूंना असतात. पेन्सिलीत ओवून एकावर एक तरंगवून दाखवलं की कळतं.

किनाऱ्यावर नेणार असाल तर चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आमच्या वाळूतले काळे कण त्याला दाढीसारखे चिकटतात आणि उघड्या चुंबकावरून ते निघता निघत नाहीत. पिशवी असली की ती उलटी केली, कण कागदावर आणि चुंबक स्वच्छ.

निओडिमियम मुलांच्या हातात देऊच नका, कितीही मागितली तरी. दोन गिळली गेली तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना धरून बसतात आणि मध्ये सापडलेलं आतडं फाटतं. तशी शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. माझी चारही आता घरी कपाटात असतात. पट्टी चुंबकं शाळेत, जोडीने, मध्ये लाकडाची पट्टी, एकाचं लाल टोक दुसऱ्याच्या निळ्याशेजारी आणि दोन्ही टोकांना लोखंडाची छोटी पट्टी आडवी लावून. डबा नवा घेतलाय, प्लॅस्टिकचा.