बचत खात्यावरील तिमाही व्याज स्वतः कसे पडताळावे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २०१० पासून बँकांना बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकेवर काढावे लागते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम राहिली असेल, तेवढीच संपूर्ण महिन्याच्या व्याजासाठी धरली जात असे. आता दिवस संपताना खात्यात जी रक्कम उरते, तिच्यावर त्या दिवसाचे व्याज मिळते.

पडताळणीसाठी पासबुक किंवा खातेउतारा घ्यावा आणि शिल्लक कोणकोणत्या तारखांना बदलली, ते लिहून काढावे. एकाच दिवशी अनेक व्यवहार झाले असतील, तर फक्त शेवटची शिल्लक धरावी. धनादेशाची रक्कम मात्र तो बँकेत दिला त्या दिवसापासून नव्हे, तर वटून खात्यात जमा झाल्यापासून मोजावी.

समजा, व्याजदर वार्षिक ३ टक्के आहे आणि १ एप्रिलला खात्यात २०,००० रुपये आहेत. ११ एप्रिलला ३०,००० रुपये जमा झाले आणि २१ मे रोजी ४०,००० रुपये काढले. म्हणजे २०,००० रुपये १० दिवस, ५०,००० रुपये ४० दिवस आणि १०,००० रुपये ३० जूनपर्यंत ४१ दिवस राहिले. प्रत्येक रकमेला तिच्या दिवसांनी गुणल्यास २,००,०००, २०,००,००० आणि ४,१०,००० हे आकडे येतात; त्यांची बेरीज २६,१०,००० होते. या बेरजेला ३ ने गुणून ३६,५०० ने भागले की २१४.५२ रुपये येतात आणि जवळच्या पूर्ण रुपयात २१५ रुपये जमा होतात. जुन्या पद्धतीने एप्रिलसाठी २०,००० आणि मे व जूनसाठी प्रत्येकी १०,००० रुपयेच धरले गेले असते, त्यामुळे व्याज अवघे १०० रुपये झाले असते. ज्यांच्या खात्यात पैसे येतात आणि लवकरच खर्चासाठी निघून जातात, त्यांना या बदलाने न्याय मिळाला, असे मला मनापासून वाटते.

व्याज रोज मोजले जात असले, तरी ते रोज मुद्दलात मिळवले जात नाही. वरील खात्यात ते तिमाहीअखेरीस जमा झाल्यावर शिल्लक १०,२१५ होईल आणि पुढील तिमाहीत व्याजावरही व्याज सुरू होईल. बँकेने किमान तिमाहीला व्याज जमा करणे आवश्यक आहे. काही बँका ते दरमहा करतात.

आपले उत्तर आणि बँकेची नोंद जुळली नाही, तर आधी तारखा पाहाव्यात. काही बँका तिमाही संपण्याच्या काही दिवस आधीच व्याज जमा करतात, आणि मग उरलेले दिवस पुढच्या हिशेबात जातात. म्हणून मागच्या व्याज-नोंदीपासूनचे दिवस मोजावेत. मध्येच दर बदलला असल्यास त्या तारखेपाशी बेरीज तोडून दोन्ही भागांना आपापला दर लावावा. एवढे करूनही एक-दोन रुपयांहून अधिक फरक उरला, तर हाच तक्ता जोडून शाखेकडे लेखी हिशेब मागावा.