छेद वर न्यायचा की क्वोशंट रूल लावायचा? या चुका टाळा

माझ्याकडे बारावीची पोरं डेरिव्हेटिव्ह शिकायला येतात, आणि दरवर्षी बघतो, अपूर्णांक दिसला रे दिसला की हात आपोआप क्वोशंट रूलकडे जातो. मग कोणीतरी सांगतं की छेद मायनस पॉवर करून वर घ्यायचा, सोपं पडतं, की मग सगळंच वर न्यायला लागतात. दोन्ही रस्त्यांनी उत्तर एकच येतं, पण चुका वेगवेगळ्या होतात, म्हणून कुठला रस्ता कधी ते बघू.

आधी अंश बघा. वर नुसता आकडा असेल, म्हणजे 5/(x²+1)³ असं काही, तर सरळ 5(x²+1)^(-3) लिहा आणि चेन रूल लावा, -30x/(x²+1)⁴ एका ओळीत येतं. इथे क्वोशंट रूल लावणारी पोरं 5 चा डेरिव्हेटिव्ह 0 असतो हे विसरून 1 लिहितात, नाहीतर छेदाचा वर्ग करून सहावी पॉवर घेतात आणि ती शेवटपर्यंत कापतच नाहीत.

वर नेताना एक गोष्ट मात्र नीट बघायची, ती म्हणजे पॉवर नक्की कोणावर आहे. 1/(3x²) म्हणजे 3x^(-2) नाही, तो 3 खालीच राहतो, (1/3)x^(-2). आणि 1/(x²+3) चे x^(-2) + 3^(-1) असे तुकडे पडत नाहीत, अख्खा कंस वर जातो. शंका आली तर x = 1 घाला, 1/(1+3) म्हणजे पाव आणि तुकडे केले तर 1 + 1/3, लगेच कळतं.

आता खरी गंमत अंशातही x असला की येते. x/(x²+1)² घ्या. वर नेला तर प्रॉडक्ट रूल:

```
y  = x·(x²+1)^(-2)
y' = (x²+1)^(-2) + x·(-2)(x²+1)^(-3)·2x
   = (x²+1)^(-2) - 4x²(x²+1)^(-3)
```

इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं (काहीजण मात्र -2 मधून 1 वजा करताना -1 लिहितात, ते -3 आहे), घोळ होतो पुढे कॉमन काढताना. सवयीने वाटतं की छोटा आकडा बाहेर काढायचा, म्हणून -2 वाली पॉवर काढतात, मग आत अजून एक मायनस पॉवर उरते आणि गाडं अडतं. छोटी म्हणजे -3, कारण -3 हा -2 पेक्षा लहान, तीच बाहेर काढायची. मग पहिल्या टर्ममध्ये किती उरलं? -2 वजा -3 म्हणजे 1, म्हणजे एक अख्खा कंस:

```
y' = (x²+1)^(-3)·[(x²+1) - 4x²]
   = (1 - 3x²)/(x²+1)³
```

हेच क्वोशंट रूलने केलं तर खाली (x²+1)⁴ येतं आणि वर (x²+1)² - 4x²(x²+1). आता इथे एक कंस कापायचा असतो आणि तो वरच्या दोन्ही टर्ममधून कापायला लागतो, पण पोरं फक्त दुसऱ्यातला कापतात आणि पहिला वर्ग तसाच ठेवतात. छेदावर आधीच पॉवर असेल तर मी वर न्यायलाच सांगतो, कारण तिथे हे कापाकापीचं काम येतच नाही.

उत्तर तपासायचं असेल तर x = 1 घाला. आपल्या उत्तराने -2/8 म्हणजे -0.25 येतं. आता कॅल्क्युलेटरवर मूळ y काढा, 1 ला 0.25 आणि 1.01 ला 0.2475 च्या आसपास, फरक -0.0025, तो 0.01 ने भागला की -0.25. जुळलं. कंस चुकीचा कापला असता तर हे जुळलं नसतं.

मग क्वोशंट रूल कधी? वर-खाली दोन्ही साधं असेल आणि छेदावर पॉवर नसेल तेव्हा. (2x+3)/(x-4) मध्ये वर नेलं तर शेवटी 2(x-4)^(-1) - (2x+3)(x-4)^(-2) हे परत एकत्र करत बसायला लागतं, त्यापेक्षा क्वोशंट रूलने वर 2(x-4) - (2x+3) म्हणजे थेट -11, खाली (x-4)², झालं. फक्त वजानंतरचा कंस लिहायचाच, तो गाळला की +3 राहतं आणि -11 ऐवजी -5 येतं, ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा लाल केलीय.

आणि (x³+2x)/x सारखं काही दिसलं तर दोन्ही रूल बाजूला ठेवा, आधी भागा, x²+2 उरतं (x शून्य नको एवढंच), डेरिव्हेटिव्ह 2x.