काम दिल्यावर क्लायंट डिस्काउंट मागतो? या चुका टाळा

मी कॅटलॉग, लेबल आणि पाउचचं डिझाइन करते, पुण्यात, अकरा वर्षं झाली. नवीन मुलामुलींचे फोन येतात, सगळ्यांचं एकच, ताई फायनल फाइल दिली आणि आता पार्टी म्हणतेय थोडं कमी करा, काय करू? आणि बहुतेक वेळा फोन येतो तोपर्यंत त्यांनी "ठीक आहे सर, दोन हजार कमी द्या" असं लिहून पाठवलेलं असतं. म्हणजे विचारायचं आधी, पण फोन नंतर.

पहिली चूक: दोन मिनिटांत "बरं" म्हणणं

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून यावर जास्त लिहिते. सुरुवातीच्या वर्षांत एका मसालेवाल्यांचं काम केलं होतं, पाच पाउच आणि एक छोटा कॅटलॉग, 36,000 ठरले, 18,000 ॲडव्हान्स आला. काम वेळेत दिलं, त्यांना आवडलं, एडिट करता येणाऱ्या ओपन फाइल्सही देऊन टाकल्या. मग रात्री साडेनऊला मेसेज, "ताई सगळं छान झालंय, आता 15 करा आणि शेवट गोड करू." मी जेवायला बसले होते, पैसे अडकतील याची भीती वाटली आणि "चालेल" लिहून टाकलं. 3,000 गेले त्याचं एवढं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनाच अजून दोन फ्लेवरचे पाउच हवे होते, तेव्हा बोलणी सुरू झाली ती 36 वरून नाही, 33 वरून, आणि त्यातही "मागच्यासारखं शेवटी बघून घेऊ" हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं. त्यानंतर त्यांचा भाचा आला, लोणच्याची लेबलं करायला, आणि पहिलंच वाक्य, "मामांना तुम्ही कमी केले होते ना." म्हणजे एका मेसेजने माझा रेट तीन ठिकाणी खाली आला, आणि मामा किंवा भाचा यांच्यापैकी कोणीच वाईट माणूस नव्हता, मीच त्यांना दाखवून दिलं होतं की माझ्या बिलावरचा आकडा पक्का नसतो.

तेव्हापासूनची माझी सवय: असा मेसेज आला की फक्त "मेसेज मिळाला दादा, उद्या अकरापर्यंत सांगते" एवढंच लिहायचं. आणि उद्या अकराला खरंच सांगायचं.

दुसरी चूक: तक्रार आणि डिस्काउंट यात गल्लत

उत्तर लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा, "कामात काही कमी राहिलंय का?" तुम्ही आठ दिवस उशीर केला असेल, किंमत चुकीची छापली गेली असेल, ठरलेली दोन पानं दिलीच नसतील, तर तो माणूस डिस्काउंट मागत नाहीये, त्याचं नुकसान सांगतोय. तिथे अडून बसू नका. चूक फुकट दुरुस्त करा, न दिलेल्या पानांचे पैसे बिलातून काढा. पण काम ठरल्याप्रमाणे झालंय आणि फक्त बजेट ताणलंय, तर मात्र रक्कम तीच राहते. हे आधी विचारल्याशिवाय थेट "नाही" म्हणणारे जे आहेत ना, त्यांचंही मला पटत नाही.

तिसरी चूक: स्वतःच्या अडचणी सांगत बसणं

घरभाडं, लॅपटॉपचा हप्ता, रात्रभर जागले, हे लिहू नका. मग समोरचा त्याच्या अडचणी सांगतो आणि विषय कामावरून कोणाचं दुःख मोठं यावर जातो.

चौथी चूक: पर्याय म्हणून काहीतरी फुकट देऊन टाकणं

"डिस्काउंट नाही पण दहा पोस्ट फ्री करून देते" असं लिहिणाऱ्यांनी आधी हिशोब करावा. दहा पोस्ट म्हणजे दोन दिवस, त्यात करेक्शन वेगळं. 4,000 वाचवायला गेलात आणि 8,000 चं काम अंगावर घेतलंत. पर्याय असा हवा की त्याची खरी अडचण सुटेल आणि तुमचे तास फारसे जाणार नाहीत, आणि त्यासाठी अडचण नक्की काय आहे ते माहीत पाहिजे.

मागच्या वर्षीचं एक उदाहरण सांगते. फरसाण आणि दिवाळी फराळवाले एक दादा, 24 पानी कॅटलॉग, 24,000 ठरलेले, निम्मे आधी मिळालेले. फायनल पीडीएफ गेली आणि मेसेज आला, 4,000 कमी करा. मी विचारलं, कामात काही राहिलंय का? म्हणाले नाही हो, काम मस्त, पण प्रेसवाल्याचं कोटेशन बघून डोळे फिरले. म्हणजे त्यांना जड झालं होतं प्रिंटिंग, माझं बिल नाही. कोटेशन मागवून घेतलं. आतल्या पानांना 170 जीएसएमचा जाड आर्ट पेपर, कव्हरला लॅमिनेशन आणि वर ठरावीक भागालाच चमक देणारं स्पॉट यूव्ही, हजार प्रती. मग हे पाठवलं:

"नमस्कार दादा. काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालंय, त्यामुळे बिलात कमी करता येणार नाही, 12,000 बाकी आहेत तेच राहतील. प्रिंटिंगचा खर्च मात्र कमी करता येईल. आतली पानं 130 जीएसएमवर घ्या आणि स्पॉट यूव्ही काढा, कव्हरची फाइल मी त्याप्रमाणे बदलून देते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शिवाय बाकी दोन भागात दिलीत तरी चालेल, 7,000 या शुक्रवारी आणि 5,000 पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला. पहिला भाग आला की नवीन फाइल लगेच पाठवते."

यात माझा अर्धा तास गेला, कव्हरच्या फाइलमधून यूव्हीचा लेयर काढायचा होता फक्त. त्यांचं कोटेशन साधारण पाच हजारांनी खाली आलं, म्हणजे मागितले होते त्यापेक्षा जास्त वाचले. एक काळजी घेतली, 130 वर मागच्या पानाचा गडद फोटो पुढे दिसतो का ते प्रेसवाल्याकडून एक शीट काढून बघितलं. पांढरी बॅकग्राउंड होती म्हणून चाललं, काळ्या फोटोंचा कॅटलॉग असता तर मी हा पर्याय दिलाच नसता. आणि प्लेट निघून छपाई सुरू झाली असेल तर हे सगळं सोडा, फक्त हप्त्यांचं बोला.

मेसेजमध्ये "नाही" आधी आहे आणि पर्याय नंतर, हे लक्षात घ्या. उलटं लिहिलं की माणूस पर्यायही घेतो आणि डिस्काउंटही मागत राहतो. तारीख हवीच, "सवडीने द्या" म्हणजे ते पैसे विसरा.

बाकीच्या, थोडक्यात

पूर्ण पैसे यायच्या आत ओपन फाइल्स देऊ नका, वॉटरमार्कवाली पीडीएफ अप्रूव्हलला पुरते.

कंपनीने 10 टक्के कमी पाठवले की लगेच भांडू नका, बऱ्याचदा तो टीडीएस असतो, तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर बघा.

जीएसटीचं बिल दिलेलं असेल आणि खरंच रक्कम कमी करायची वेळ आली तर क्रेडिट नोट काढा, नुसते कमी पैसे घेऊन गप्प बसलात तर टॅक्स पूर्ण रकमेवर तुमच्याच खिशातून जातो.

"पुढच्या कामात ॲडजस्ट करू" हे तुम्ही म्हणू शकता, पण आधीचं बिल पूर्ण चुकल्यावरच, आणि किती टक्के व किती महिन्यांसाठी ते लिहून. मी 10 टक्के, तीन महिने, एवढंच देते.

उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर 45 दिवसांत पैसे द्यायच्या कायद्याची धमकी पहिल्याच मेसेजमध्ये नको, ती तारीख उलटून गेल्यानंतरची गोष्ट आहे.

त्या फराळवाल्या दादांचे 7,000 शुक्रवारी दुपारीच आले, 5,000 मात्र 5 तारखेला नाही आले. 6 ला सकाळी मी तोच जुना मेसेज परत फॉरवर्ड केला, खाली फक्त "दादा, काल राहिलं वाटतं" एवढंच, संध्याकाळी पैसे जमा.