स्टॅक की क्यू? अन्डू आणि शेड्यूलिंगच्या प्रश्नांत या चुका टाळा

अन्डू दिसलं की स्टॅक, प्रिंटर दिसला की क्यू. एवढं पाठ करून आलेला विद्यार्थी पेपर तपासताना लगेच ओळखू येतो. प्रश्न सरळ असेपर्यंत त्याचं उत्तर बरोबर असतं, आणि प्रश्नात एक जादा ओळ आली की सगळंच बिघडतं. शब्दावरून रचना ठरवायची सवय लागली की असं होणारच. त्यापेक्षा प्रश्न वाचताना एकच गोष्ट शोधावी: साठवलेल्यांपैकी आता बाहेर कोण पडणार? शेवटी आलेला पडणार असेल तर स्टॅक, सर्वांत आधी आलेला पडणार असेल तर क्यू.

एक उदाहरण बघा. एडिटरमध्ये वापरकर्त्याने काय काय केलं याची नोंद ठेवली आहे. पहिला प्रश्न म्हणतो, शेवटचं काम मागे घ्या. दुसरा म्हणतो, हीच कामं दुसऱ्या फाइलवर त्याच क्रमाने पुन्हा करून दाखवा, म्हणजे मॅक्रो चालवा. नोंद तीच आणि एडिटरही तोच, पण दुसऱ्या प्रश्नात सर्वांत जुनं काम आधी बाहेर काढावं लागतं, म्हणून तिथे क्यू. ‘एडिटर’ या शब्दावर अडकलेली मुलं दोन्हीकडे स्टॅक लिहून मोकळी होतात.

रीडू रिकामं करायला विसरणं

अन्डूच्या प्रश्नात सर्वाधिक मार्क इथे जातात. अन्डू आणि रीडू दोन्ही हवे असतील तर दोन स्टॅक लागतात, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. अन्डू केलं की काम एका स्टॅकमधून पॉप होऊन दुसऱ्यात पुश होतं, रीडू केलं की उलट.

आता हा क्रम घ्या: अ टाइप केलं, ब टाइप केलं, क टाइप केलं, दोनदा अन्डू, मग ड टाइप केलं, मग रीडू. स्क्रीनवर काय दिसेल?

दोन अन्डूनंतर अन्डूच्या स्टॅकमध्ये फक्त अ उरतो. रीडूच्या स्टॅकमध्ये तळाला क आणि वर ब असतो, कारण क आधी मागे घेतला गेला. बरेच जण इथून थेट पुढे जातात: ड पुश केला, रीडूने ब परत आणला, उत्तर ‘अडब’. पण असा मजकूर वापरकर्त्याने कधीच लिहिला नव्हता. ब आणि क हे ‘अ’नंतरच्या एका वाटेवरचे होते, ड टाइप करताच ती वाट बंद झाली. म्हणून नवं काम आलं की रीडूचा स्टॅक पूर्ण रिकामा करायचा. उत्तर आहे ‘अड’, आणि त्या रीडूने काहीच होत नाही.

```python
def new_action(x):
    undo.append(x)
    redo.clear()
```

तिथे जाताजाता दुसरी चूक होते: रीडू रिकामा असताना पॉप केला की पायथन `IndexError` देतं. स्टॅक रिकामा आहे का, हे आधी तपासा. प्रोग्रॅम चालवताना सगळं ठीक दिसतं आणि परीक्षक पहिलंच बटण रीडूचं दाबतो, तेव्हा ही ओळ आठवते.

‘फक्त शेवटची इतकीच कामं’ वाचून क्यूकडे पळणं

खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अन्डूला मर्यादा असते. एक्सेलच्या अधिकृत मर्यादांच्या यादीत अन्डूच्या १०० पातळ्या दिलेल्या आहेत. पेपरात हीच गोष्ट लहान करून विचारतात: फक्त शेवटची ३ कामं मागे घेता आली पाहिजेत. विद्यार्थी विचार करतो, चौथं काम आलं की सर्वांत जुनं बाहेर टाकायचं, जुनं आधी बाहेर म्हणजे क्यू. अर्धा विचार बरोबर आहे.

इथे बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत, दोन कारणांसाठी. अन्डूसाठी शेवटचं काम वरून निघतं, जागा करण्यासाठी पहिलं काम तळातून निघतं. साध्या स्टॅकला तळातून काढता येत नाही, साध्या क्यूला शेवटचं काढता येत नाही. दोन्ही टोकं उघडी असलेली रचना हवी, तिचं नाव डेक. (डीक्यू म्हणजे क्यूमधून काढण्याची क्रिया आणि डेक म्हणजे ही रचना. दोन्ही नावं दिसायला इतकी सारखी आहेत की मुलांना दोष देववत नाही.)

```python
from collections import deque
undo = deque(maxlen=3)
for x in [1, 2, 3, 4]:
    undo.append(x)
undo.pop()    # 4
```

चौथा आकडा आत येताच १ आपोआप गळतो, आणि पॉप केल्यावर ४ मिळतो. सी मध्ये लिहायचं असेल तर वर्तुळाकार ॲरे घ्या.

राउंड रॉबिनमध्ये एकाच क्षणी दोघं रांगेत

शेड्यूलिंगकडे वळू. `P1` वेळ ० ला येतो, त्याला ५ एकक सीपीयू हवा. `P2` वेळ १ ला येतो, ३ हवे. `P3` वेळ २ ला येतो, १ हवं. क्वांटम २.

वेळ २ ला `P1` चा क्वांटम संपतो आणि नेमका तेव्हाच `P3` येतो. रांगेत `P2` आधीपासून उभा आहे. त्याच्या मागे आधी कोण लागणार? पाठ्यपुस्तकांत बहुधा नवा आलेला आधी आणि सीपीयूवरून उतरलेला त्याच्या मागे, असं धरतात. मग क्रम असा लागतो:

```
P1 0-2, P2 2-4, P3 4-5, P1 5-7, P2 7-8, P1 8-9
```

वाट पाहण्याचा वेळ `P1` चा ४, `P2` चा ४, `P3` चा २, सरासरी ३.३३. `P1` ला आधी रांगेत घेतलं तर `P3` ची पाळी ६ ला येते, त्याचा वेळ ४ होतो आणि सरासरी ४ भरते. बाकी दोघांचे आकडे हलत नाहीत. तुमची सरासरी उत्तरापेक्षा थोडीच वेगळी आली तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी हा क्षण तपासा. आणि प्रश्नात नियम दिलेला नसेल तर तुम्ही कोणता धरला ते उत्तरात एका ओळीत लिहा.

इथे चुकून स्टॅक वापरला तर ते आलेखावरच दिसतं. वेळ २ ला `P1` वर ठेवला, लगेच वरून तोच निघाला, आणि असं करत तो ५ पर्यंत सलग चालला. क्वांटम २ असून आणि इतर जॉब थांबलेले असूनही पहिला जॉब सलग पळताना दिसला, की कोडमध्ये `popleft()` ऐवजी `pop()` पडलं आहे असं समजा. लिस्ट घेऊन `pop(0)` लिहिलं तर उत्तर बरोबर येईल, पण लिस्टमधला प्रत्येक घटक दर वेळी एक जागा पुढे सरकतो. मोठ्या इनपुटवर ते जाणवतं.

प्राधान्य असूनही साधा क्यू

दवाखान्यात टोकन १२ चालू असताना अपघाताचा रुग्ण आला तर डॉक्टर १३ ला बोलावत नाहीत. ‘सर्वांत लहान काम आधी’ किंवा ‘प्राधान्यानुसार’ असं प्रश्नात असेल तर स्टॅक आणि क्यू दोन्ही बाद, तिथे हीप लागतो. पण दोन जॉबचं प्राधान्य सारखं असेल आणि त्यांच्यात आधी आलेला आधी हवा असेल, तर नुसता हीप ती हमी देत नाही. प्राधान्यासोबत आगमनाचा क्रमांकही ठेवावा लागतो:

```python
heapq.heappush(h, (priority, seq, job))
```

`seq` दर जॉबला एकने वाढवायचा. तो वगळला तर प्राधान्य सारखं असताना पायथन थेट जॉबची तुलना करायला जातं, आणि जॉब हा तुमचा स्वतःचा क्लास असेल आणि त्यात तुलना कशी करायची ते लिहिलेलं नसेल तर `TypeError` येऊन प्रोग्रॅम तिथेच थांबतो.